दोन मिनिटांची ओळख: मासिक सभेत नव्या सदस्याचा परिचय

प्रकरण एका सेवाक्लबचे आहे. सभासद चाळिसेक, महिन्यातून एक सर्वसाधारण सभा, आणि सभेला साधारण सव्वा तास. नव्या सदस्य व्यवसायाने वाचा-श्रवणतज्ज्ञ, म्हणजे कानाची ऐकण्याची क्षमता तपासणाऱ्या आणि बोलण्याच्या अडचणींवर काम करणाऱ्या. त्यांचे नाव संचालक मंडळाने मंजूर केले होते आणि पुढच्या मासिक सभेत अध्यक्षांनी त्यांची ओळख करून द्यायची होती. मी त्या वर्षी क्लबची सचिव होते. प्रस्तावकाने लिहून दिलेला परिचय आणि अध्यक्षांनी प्रत्यक्ष वाचलेला परिचय, दोन्ही कागद माझ्या फाइलला लागलेले असल्याने हे प्रकरण तपशिलात मांडता येते.

आधी एक गोष्ट स्पष्ट करायला हवी, कारण बऱ्याच अध्यक्षांच्या बोलण्यात ती गडबडते. माणूस सदस्य होतो तो मंडळाच्या मंजुरीने आणि वर्गणी भरल्याने. पिन लावल्याने किंवा टाळ्यांनी होत नाही. रोटरीच्या जुन्या नमुना-उपविधींमध्ये तर मंडळाच्या मंजुरीनंतर नाव सभासदांना कळवायचे आणि 7 दिवसांत कोणी लेखी हरकत घेतली नाही तरच पुढे जायचे, अशी पायरी होती. प्रत्येक संघटनेचा क्रम थोडा वेगळा असतो, पण सभेतला परिचय सगळीकडे या क्रमाच्या शेवटीच येतो. म्हणून सभेच्या आदल्या आठवड्यात अध्यक्षांनी मला तीनच गोष्टी विचारल्या: अर्ज पूर्ण भरलेला आहे का, मंडळाचा ठराव इतिवृत्तात नोंदला आहे का, आणि खजिनदाराकडे पैसे जमा होऊन पावती गेली आहे का. तिन्हींचे उत्तर ‘हो’ येईपर्यंत कार्यक्रमपत्रिकेत त्यांचे नाव छापायचे नाही, असा त्यांचा आग्रह होता. एखाद्याला सगळ्यांसमोर ‘आपले नवे सदस्य’ म्हणून उभे करायचे आणि मग ठराव राहूनच गेला असे निघायचे, ही वेळ निस्तरणे फार कठीण असते. माणूस अपमानित होतो आणि दोष कोणाचाच ठरत नाही.

प्रस्तावकाने दिलेला परिचय दीड पानाचा होता. त्यात जन्मगाव होते, शाळा होती, दोन पदव्या आणि एक पदविका वर्षांसकट होती, मिळालेल्या पुरस्कारांची यादी होती, दवाखान्याचे नाव आणि वेळा होत्या. सुरुवात अशी होती: ‘आपल्या माजी सदस्यांच्या सौभाग्यवती आणि आम्हा सगळ्यांच्या लाडक्या वहिनी’. शेवट असा: ‘आता आपल्या सर्वांच्या कानांची मोफत तपासणी पक्की!’ प्रस्तावक मनापासून लिहीत होते, यात शंका नाही. पण या कागदातून सभागृहात बसलेल्या माणसाला काय मिळते, हे विचारले तर उत्तर असे येते की त्याला एक मोठी बाई दिसते, जिच्याशी काय बोलावे हे त्याला कळत नाही.

माझ्या मते परिचयाचे काम एवढेच आहे: सभा संपल्यावर किमान दोन माणसांना नव्या सदस्याकडे चालत जाण्याचे कारण मिळावे. सन्मान हा समारंभाचा भाग झाला. तो हार आणि पिन करतात. शब्दांनी मात्र धागा द्यायचा असतो. पदव्यांची यादी हा धागा देत नाही, कारण पदवीवर कोणी प्रश्न विचारत नाही.

अध्यक्षांनी कागद बाजूला ठेवून नव्या सदस्यांना फोन केला. पंधरा मिनिटांचे बोलणे असेल. त्यांनी चार गोष्टी विचारल्या. नाव नेमके कसे उच्चारायचे आणि आडनाव कोणते लावायचे? कामाबद्दल एका वाक्यात त्या स्वतः काय सांगतात? क्लबच्या कोणत्या कामामुळे त्यांना यावेसे वाटले? आणि चौथा प्रश्न, जो बहुतेक अध्यक्ष विचारत नाहीत: ‘सभेत काय सांगू नये असे तुम्हाला वाटते?’

नावाच्या प्रश्नाला लगेच उत्तर आले. व्यवसायात त्या माहेरचे आडनाव लावतात, प्रस्तावकाच्या कागदावर सासरचे होते. हे बारीक वाटेल, पण पुढे सदस्य यादीत, बॅजवर आणि व्हॉट्सअ‍ॅप गटात जे नाव जाते ते सभेत ऐकलेलेच जाते, आणि एकदा चुकीचे गेले की ती व्यक्ती वर्षभर ते दुरुस्त करत बसते. वहिनी हा शब्द त्याच उत्तराने गळला. त्यांचे पती पूर्वी क्लबमध्ये होते हे खरे, घरगुती ओळखीही होत्या, पण त्या इथे स्वतःच्या व्यवसायावर आणि स्वतःच्या अर्जावर आल्या होत्या. सेवाक्लबांच्या इतिहासात या मुद्द्याला वजन आहे. लायन्सने स्त्रियांना सदस्यत्व खुले केले 1987 मध्ये. रोटरीने 1989 मध्ये, आपले नियम ठरवणाऱ्या स्वतःच्या परिषदेत, घटनेतली फक्त पुरुषांची अट काढली, तीही अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 1987 मध्ये स्त्रियांना सदस्य करून घेणाऱ्या एका क्लबच्या बाजूने निकाल दिल्यानंतर. त्याआधी कित्येक दशके स्त्रिया सभागृहात होत्या, पण कोणाच्या तरी पत्नी म्हणून. अध्यक्षांच्या तोंडून पहिलेच वाक्य ‘अमुकांच्या सौभाग्यवती’ असे आले, तर ते जुनेच आसन नव्या सदस्याला पुन्हा दिले जाते.

चौथ्या प्रश्नाचे उत्तर अवघड निघाले. त्या म्हणाल्या, ‘मी आधी दुसऱ्या एका क्लबमध्ये होते. तिथून बाहेर पडले त्याची चर्चा नको.’ मतभेद झाले होते, एका प्रकल्पाच्या हिशेबावरून. त्यात त्यांच्याकडे बोट दाखवण्यासारखे काही नव्हते, उलट प्रश्न विचारणाऱ्या त्याच होत्या. पण आमच्या सभागृहातल्या सात-आठ जणांना ही गोष्ट अर्धवट माहीत होती. अशा वेळी अध्यक्षांपुढे दोन सोपे आणि दोन्ही वाईट मार्ग असतात. एक म्हणजे मागचा क्लब पूर्ण गाळणे, आणि मग ज्यांना माहीत आहे ते शेजाऱ्याच्या कानात सांगणार. दुसरा म्हणजे मोठेपणाने त्यांची बाजू मांडणे, आणि मग ज्यांना माहीत नव्हते त्यांनाही वाद कळणार.

इथे एक प्रशासकीय बाजूही आहे. दुसऱ्या क्लबमधून येणाऱ्या माणसाकडे तिथली काही बाकी नाही ना, हे पाहण्याची पद्धत रोटरीसारख्या संघटनांत नियमातच आहे, आणि नियम नसला तरी ती पाळणे शहाणपणाचे. आमच्या खजिनदारांनी त्या क्लबकडून बाकी नसल्याचे लेखी आणले होते. तो कागद मंडळापुढे आला, मंडळाने पाहिला, विषय तिथेच संपला. त्यामुळे अध्यक्षांना सभेत कोणाची वकिली करण्याची गरजच उरली नाही. त्यांनी एक वाक्य ठरवले: ‘सेवाक्लबचे काम त्यांना नवीन नाही.’ हे खरे होते, काही लपवत नव्हते आणि काही उघडतही नव्हते. वाक्य फोनवर वाचून दाखवले, त्यांनी होकार दिला.

मोफत तपासणीच्या ओळीवर मात्र प्रस्तावक आणि अध्यक्ष यांच्यात थोडी ओढाताण झाली. प्रस्तावकांचे म्हणणे, लोक हसतील, वातावरण मोकळे होईल. अध्यक्षांचे म्हणणे असे की हशा दहा सेकंदांचा आणि आश्वासन वर्षभराचे. अध्यक्षांच्या आसनावरून निघालेली गंमत सभासद निर्णय म्हणून ऐकतात. चहाच्या वेळी चार जण आपला नाहीतर आईचा कान घेऊन उभे राहतात, आणि नव्या सदस्याला पहिल्याच दिवशी एकतर हो म्हणावे लागते, नाहीतर कंजूष ठरावे लागते. डॉक्टर, वकील, कर सल्लागार, संगणक दुरुस्त करणारे या सगळ्यांच्या बाबतीत हे घडते. काही जण त्यामुळेच सहा महिन्यांत यायचे बंद होतात आणि आपण म्हणतो, व्यस्त असतील. ओळ गेली. दवाखान्याचे नाव आणि वेळाही गेल्या, उलट कारणाने: त्या जाहिरातीसारख्या ऐकू येतात आणि पुढच्या वेळी दुसऱ्या सदस्याच्या दुकानाचे नाव का घेतले नाही, असा प्रश्न उभा राहतो. व्यवसाय सांगायचा, आस्थापना नाही, ही रेघ बऱ्यापैकी टिकते.

व्यवसाय सांगणे मात्र टाळता येत नाही. तो या क्लबांचा पायाच आहे. 1905 च्या फेब्रुवारीत शिकागोमध्ये रोटरीचे संस्थापक पॉल हॅरिस यांनी ज्या तिघांना एकत्र केले त्यांत एक कोळशाचे व्यापारी होते, एक खाण अभियंता आणि एक शिंपीकामाचा व्यवसाय करणारे. हॅरिस स्वतः वकील. चौघांचे चार धंदे, हीच कल्पना होती, आणि त्यातूनच पुढे एका व्यवसायाचा एकच प्रतिनिधी घेण्याची वर्गीकरणाची पद्धत आली. ती अट आता खूप सैल झाली आहे, पण नव्या माणसाबद्दल क्लबने पहिल्यांदा काय जाणून घ्यायचे, याचे उत्तर अजून तेच आहे: हा माणूस असे काय जाणतो, जे या खोलीत आणखी कोणी जाणत नाही?

अध्यक्षांनी शेवटी वाचलेला मजकूर असा होता:

‘मित्रहो, आज आपल्यात एका सदस्याची भर पडली आहे. मुले नीट बोलत नाहीत म्हणून पालक ज्यांच्याकडे जातात, आणि पुष्कळदा असे निघते की मूल बोलत नाही कारण त्याला नीट ऐकूच येत नाही, अशा कामात त्या गेली अठरा वर्षे आहेत. त्या वाचा-श्रवणतज्ज्ञ आहेत. आपल्या क्लबमध्ये या क्षेत्रातले आजवर कोणी नव्हते. सेवाक्लबचे काम त्यांना नवीन नाही. मागच्या वर्षी आपल्या शाळा तपासणी शिबिराला त्या पाहुण्या म्हणून आल्या होत्या. तिथे आपण प्रत्येक मुलाचे डोळे तपासले, दात तपासले, वजन घेतले. निघताना त्यांनी मला एकच प्रश्न विचारला: “कान का नाही?” माझ्याकडे उत्तर नव्हते. त्या शाळा तपासणी समितीत काम करायला तयार आहेत, आणि समितीप्रमुखांना मी विनंती करतो की सभा संपल्यावर त्यांच्याशी बोलावे. त्यांचे प्रस्तावक त्यांना पिन लावतील. आपण सर्वांनी उभे राहून स्वागत करू या…’

आणि मग नाव. पूर्ण, सावकाश, एकदाच.

नाव शेवटी ठेवण्याबद्दल मला सुरुवातीला खात्री नव्हती. नाव आधी सांगितले की लोक मान वळवून कोण ते शोधतात आणि पुढची दोन वाक्ये कोणाच्या कानात जात नाहीत. शेवटी सांगितले की नावाबरोबरच माणूस उभा राहतो, चेहरा आणि नाव एकत्र बसते. याला एक अडचण आहे: ज्या क्लबात सगळ्यांना आधीच नाव ठाऊक आहे तिथे हे नाट्यमय वाटते. आमच्याकडे निम्म्यांना ठाऊक नव्हते, म्हणून चालले.

मजकुरातली सर्वांत उपयोगी ओळ ‘कान का नाही?’ ही होती, आणि ती प्रस्तावकाच्या दीड पानात कुठेच नव्हती. ती फोनवरच्या तिसऱ्या प्रश्नातून निघाली. अशी ओळ प्रत्येक माणसाकडे असते असे मी म्हणणार नाही. काही जण फक्त ओळखीच्या माणसाने बोलावले म्हणून येतात आणि तेही चांगले कारण आहे. तेव्हा ते तसेच सांगावे. खोटी तळमळ रचू नये, कारण नवा सदस्य समोर बसलेला असतो आणि त्याचा चेहरा सगळे सांगतो.

मजकूर कागदावर सुमारे सव्वाशे शब्दांचा आहे. सावकाश वाचला तरी दोन मिनिटांच्या आत बसतो, आणि टाळ्या, पिन, छायाचित्र धरून चार-पाच मिनिटे लागतात. कार्यक्रमपत्रिकेत त्याची जागा कुठे, यावर आम्ही थोडा विचार केला. पूर्वी परिचय अगदी शेवटी, आभारांच्या आधी असे. तोवर निम्मे लोक खुर्च्या सरकवू लागलेले असत. पाहुण्या वक्त्याच्या लगेच आधी ठेवला तर वक्त्याचा वेळ खातो आणि अध्यक्ष घाईत येतात. शेवटी मागील सभेचे इतिवृत्त कायम झाल्यावर, समित्यांच्या अहवालांच्या आधी जागा दिली. त्याचा एक फायदा आधी सुचला नव्हता: शाळा तपासणी समितीचा अहवाल त्यानंतर लगेच आला आणि समितीप्रमुखांनी बोलताना आपोआप त्यांच्याकडे पाहिले.

त्यांना स्वतःला बोलायचे आहे का, हे अध्यक्षांनी आधीच विचारून घेतले होते. ‘दोन शब्द बोला’ असे ऐनवेळी म्हणणे हा आपल्या सभांचा जुना रोग आहे. ज्याला बोलता येते तो दहा मिनिटे बोलतो, ज्याला येत नाही तो लाल होतो. त्यांनी एक मिनिट मागितले आणि तीन वाक्ये बोलल्या. त्यातले एक वाक्य होते की पूर्वीच्या क्लबमध्ये त्यांनी तीन वर्षे काम केले. त्यांनी ते स्वतःहून सांगितले. चर्चा नको म्हणणाऱ्या व्यक्तीने ते का सांगितले, हे मी विचारले नाही. मला वाटते, अध्यक्षांच्या वाक्याने दार बंदही केले नव्हते आणि ढकललेही नव्हते, त्यामुळे किती उघडायचे हे त्यांच्या हातात राहिले. सात-आठ जणांपैकी कोणाच्या कुजबुजीला मग फारसे काम उरले नाही.

सभा संपल्यावर समितीप्रमुख गेल्या, ते ठरलेलेच होते. न ठरलेले असे दोघे गेले. एक शाळेच्या मुख्याध्यापिका, त्यांच्या वर्गात मागच्या बाकावर बसणाऱ्या एका मुलाबद्दल विचारायला. दुसरे आमचे सर्वांत ज्येष्ठ सदस्य. त्यांनी खिशातून श्रवणयंत्र काढून दाखवले आणि म्हणाले, ‘सभेत शिट्टी मारते म्हणून काढून ठेवतो.’ म्हणजे बरीच वर्षे ते आमच्या सभा न ऐकताच बसत होते! (यावर मंडळात नंतर कोणीतरी म्हणाले की म्हणूनच ते कधी विरोध करत नसत.) नव्या सदस्यांनी तिथे तपासणी केली नाही. शिट्टी बहुतेक वेळा यंत्राचा साचा कानात नीट न बसल्याने किंवा कानात मळ साठल्याने येते, एवढे सांगून ज्यांनी यंत्र दिले त्यांच्याकडेच दाखवायला सांगितले. व्यवसाय आणि सदस्यत्व यांतली रेघ त्यांनी स्वतः आखली. मोफत तपासणीची घोषणा झाली असती तर ती इतक्या सहज आखता आली नसती.

परिचयाच्या मर्यादाही याच प्रकरणात दिसल्या. पुढच्या सभेला त्या आल्या तेव्हा त्यांचा बॅज तयार नव्हता, ते काम माझे आणि छपाईवाल्याचे होते. प्रस्तावक त्या दिवशी बाहेरगावी होते, त्यामुळे पहिली दहा मिनिटे त्या एकट्याच बसल्या. अध्यक्षांनी त्यानंतर नियम केला की पहिल्या तीन सभांना प्रस्तावक नसेल तर दुसऱ्या एका सदस्याचे नाव आधी ठरवायचे, आणि ते नाव सचिवाने नव्या सदस्याला कळवायचे. समितीत मात्र त्या पहिल्याच बैठकीला गेल्या आणि तिथे त्यांनी सगळ्यांचा उत्साह थोडा खाली आणला. मुलांचे कान डोळ्यांच्या टेबलाशेजारी तपासता येत नाहीत, असे त्या म्हणाल्या. शाळेतल्या प्राथमिक चाचणीत साधारण 1000, 2000 आणि 4000 हर्ट्झचे बारीक आवाज 20 डेसिबलच्या पातळीवर ऐकवतात, आणि पटांगणात दोनशे मुले ओरडत असतील तर चांगल्या कानाचे मूलही नापास होते. शांत खोली हवी, मोजमाप तपासून घेतलेले यंत्र हवे आणि चाचणीत अडकलेल्या मुलांना पुढे कोणाकडे पाठवायचे हे आधी ठरलेले हवे. ते ठरलेले नसेल तर तपासणी न केलेलीच बरी, असे त्यांचे मत पडले.

समितीने त्या वर्षीच्या शिबिरात कान घेतले नाहीत. एका शाळेत, एकाच इयत्तेसाठी, वेगळ्या दिवशी चाचणी करून पाहायची आणि त्यासाठी यंत्र भाड्याने घ्यायचे, असा प्रस्ताव मंडळाकडे आला. खजिनदारांनी भाड्याचे दोन अंदाज मागितले आणि विषय पुढच्या बैठकीवर गेला. प्रस्तावाखाली सूचक म्हणून समितीप्रमुखांची सही होती आणि अनुमोदक म्हणून नव्या सदस्यांची, माहेरच्या आडनावाने.